‘बघते हं’पासून ‘नाही’पर्यंत : एका गणेशोत्सवाची नाकारलेली जबाबदारी

शनिवार, २० जानेवारी २०२४. दक्षिण जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यातलं आमचं शहर, आणि आमच्या मराठी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम नुकताच संपलेला. मी कडेवर सहा महिन्यांचं बाळ घेऊन चहाचे कप गोळा करत होते. मंडळाचे अध्यक्ष, ज्यांना इथे लहानथोर सगळेच दादा म्हणतात, हातात तिळगुळाचा रिकामा डबा घेऊन शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, “यंदाचा गणपती तुझ्याकडे बरं का. तूच करू शकतेस.”

मी म्हणाले, “बघते हं दादा.”

या तीन शब्दांनी पुढचे सोळा दिवस खाल्ले. ते कसे, आणि त्यातून मी बाहेर कशी पडले, हे तपशिलात लिहून ठेवावंसं वाटलं, कारण परदेशातल्या छोट्या मंडळांमध्ये दर वर्षी कुणीतरी याच जागी उभं असतं.

आधी माझी परिस्थिती. थोरली मुलगी त्या सप्टेंबरात पहिलीत जाणार होती. धाकटा जुलै २०२३चा, त्यालाही सप्टेंबरातच पाळणाघरात, म्हणजे इथल्या भाषेत किटामध्ये, जागा मिळाली होती. मी पालकत्वाच्या रजेवर होते आणि १ ऑक्टोबरला कामावर रुजू होणार होते. माझ्या जागी घेतलेल्या सहकाऱ्याचं कंत्राट ३० सप्टेंबरला संपत होतं, त्यामुळे ती तारीख पुढे सरकवणं अवघड होतं. नवरा ज्या कंपनीत आहे तिथे सप्टेंबर म्हणजे नव्या आवृत्तीचा महिना. रजेचं नाव काढलं तर वरिष्ठ आधी कॅलेंडर उघडून दाखवतात.

जर्मनीत मूल किटामध्ये घातलं की आपण लगेच मोकळे होत नाही. आधी ‘आइनगेवोनुंग’ असते, म्हणजे मुलाला रुळवण्याचा काळ. बहुतेक ठिकाणी पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलासोबत तासभर त्या खोलीतच बसतात. चौथ्या दिवशी थोडा वेळ बाहेर जाऊन बघतात. मूल रडून थांबलं नाही की पुन्हा मागे. मग दहा मिनिटं, अर्धा तास, जेवणापर्यंत, झोपेपर्यंत. या सगळ्या दिवसांत फोन हातात आणि आपण पाच मिनिटांच्या अंतरावर. हे दोन आठवड्यांतही होतं आणि पाच आठवडेही चालतं, आणि मधेच ताप आला की दोन-तीन पायऱ्या मागे जावं लागतं. आमचं पहिल्या दिवसाचं पत्र २ सप्टेंबरचं होतं. म्हणजे कामावर जाण्याआधी माझ्या हातात चार आठवडे, आणि ते चारही याच कामासाठी राखून ठेवलेले.

२०२४ची गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. आमच्या राज्यातल्या शाळांची उन्हाळी सुट्टी त्याच दिवशी संपत होती. सुट्टीत निम्मी मंडळी भारतात असतात, म्हणून मंडळानं उत्सव पुढच्या शनिवारी, १४ तारखेला ठरवला होता. माझ्या चार आठवड्यांच्या बरोबर मधोमध.

मंडळाच्या नजरेतून मात्र चित्र वेगळं दिसत होतं, आणि ते चुकीचंही नव्हतं. मी आधी दोन उत्सवांत जेवणाची बाजू सांभाळली होती. माझं जर्मन चांगलं आहे. आणि दादांच्या शब्दांत, “सप्टेंबरमध्ये तर तू घरीच आहेस ना!”

संक्रांतीच्या कार्यक्रमानंतर चार दिवसांनी ग्रुपवर संदेश आला: यंदाच्या गणेशोत्सवाची धुरा आपल्या ताई सांभाळणार आहेत. खाली नमस्काराच्या हातांची रांग. मला धक्का बसला, पण दादांना दोष देता येईना. मराठीत मोठ्या माणसानं काम सांगितलं आणि आपण ‘बघते’ म्हणालो, की तो होकारच धरला जातो. लग्नाच्या आमंत्रणाला ‘बघतो’ म्हटलं तर यजमान पान वाढून ठेवत नाहीत. कामाला ‘बघते’ म्हटलं की मात्र तुमचं नाव यादीत चढतं. हा फरक मला कळायला हवा होता.

त्याच रात्री मी आदल्या वर्षीच्या आयोजक मैत्रिणीला फोन केला. तिला एकच विचारलं, की प्रत्यक्षात वेळ किती गेला. तिनं कॅलेंडर आणि व्हॉट्सॲप दोन्ही उघडून माझ्यासमोर हिशोब केला. मेपासून उत्सवापर्यंत साधारण दीडशे तास, त्यातले साठ-पासष्ट शेवटच्या पंधरा दिवसांत. मखर आणि आरास यात मोडतच नाही, ते हौसेनं करणारे वेगळे असतात. तास जातात ते प्रत्येक गोष्टीच्या ‘कोण’ला उत्तर देण्यात. नाव नोंदवलं पण पैसे भरले नाहीत अशा सतरा कुटुंबांना कोण विचारणार, मुलांच्या नाचाची गाणी कोण गोळा करणार, लेझीमचा सराव कुणाच्या गॅरेजमध्ये, एवढ्या मोदकांच्या सारणाचा नारळ कोण खवणार. शेवटच्या पंधरवड्यात तिचा फोन दिवसाला तीस-चाळीस वेळा वाजत होता, असं ती म्हणाली. त्या पंधरवड्यात मी किटाच्या लहानशा खुर्चीवर बसलेली असणार होते, आणि तिथे पालकांनी फोन बाहेर काढायचा नसतो.

दुसरी अडचण मला सभागृहाच्या भाडेकराराचा कागद वाचताना दिसली. आमचं सभागृह अडीचशे माणसांचं. दोनशेहून जास्त माणसं मावणाऱ्या सभागृहांना इथे जो नियम लागू होतो, त्यानुसार कार्यक्रम चालू असेपर्यंत एक जबाबदार व्यक्ती तिथे सतत हजर असावी लागते. बाहेर पडायची दारं मोकळी आहेत का, माणसं ठरल्यापेक्षा जास्त तर नाहीत, हे तिनं बघायचं, आणि गरज पडली तर कार्यक्रम थांबवायचा. आयोजक म्हणून करारावर माझं नाव गेलं तर त्या दिवशी बाळाला ताप आला म्हणून मला घरी निघून येता येणार नव्हतं. ‘जमेल तेवढं करेन’ ही सोय या भूमिकेत नसतेच. ती निम्मी घेता येत नाही.

रविवारी, २८ जानेवारीला, मी दादांना फोन केला. आणि इथे दुसरी चूक केली: मी कारणं सांगितली. एकेक करून, प्रामाणिकपणे, आणि दादांनीही तितक्याच प्रामाणिकपणे एकेक सोडवलं.

“धाकटा फार लहान आहे दादा.”

“अगं, वहिनी आहे की. आमच्याकडे सोड त्याला.”

“मीटिंगांना संध्याकाळी यायला जमणार नाही.”

“नऊनंतर झूमवर घेऊ. मुलं झोपली की ये.”

“सप्टेंबरमध्ये किटा सुरू होतंय.”

“आईबाबा येणार आहेत ना तुझे?”

आईबाबा मे ते जुलै असणार होते. व्हिसावर नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, आणि तिकिटं काढून झाली होती. हेही मी सांगितलं. त्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “मग असं कर. आयोजक म्हणून नाव माझं घालू. तू नुसता समन्वय बघ.”

मी पुन्हा म्हणाले, “बघते.”

फोन ठेवल्यावर नवऱ्यानं विचारलं, “काय ठरलं?” आणि मला सांगता येईना.

या संभाषणाचा मी नंतर बराच विचार केला. कारणं सांगितली की समोरच्याला वाटतं आपल्यापुढे अडचणी मांडल्या आहेत, आणि मंडळात वीस वर्षं घालवलेला माणूस अडचणी सोडवण्यात पटाईत असतो. त्यात त्यांचा खोटेपणा नव्हता. वहिनींनी बाळाला खरंच सांभाळलं असतं. पण माझा निर्णय कारणांच्या बेरजेवर उभा नव्हता. तो महिना मला मुलांसाठी आणि कामावर परत जाण्यासाठी मोकळा हवा होता, एवढाच तो होता, आणि नेमकं तेवढंच मी बोलले नव्हते. आणि ‘समन्वय’ हा शब्द! त्या दीडशे तासांतलं समन्वय सोडून काय उरतं, तर मंचावर नारळ फोडणं.

पुढचा आठवडा मी संदेश लिहिण्यात घालवला. पहिला मसुदा मोठा होता. त्यात तीन वेळा ‘सॉरी’ होतं, डॉक्टरांचा उल्लेख होता, आणि शेवटी ‘पण लागेल ती मदत नक्की करीन’ होतं. नवऱ्यानं वाचून शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. “हे वाचून मी तुला जूनमध्ये फोन करीन,” म्हणाला. सोमवारी ५ फेब्रुवारीला मी जो पाठवला तो असा:

“दादा, नमस्कार. यंदाच्या गणेशोत्सवाची जबाबदारी मी घेणार नाहीये. संक्रांतीला ‘बघते’ म्हणाले तेव्हाच हे सांगायला हवं होतं, ती चूक माझी. सप्टेंबर मी मुलांच्या शाळा-पाळणाघरासाठी आणि कामावर परत जाण्याच्या तयारीसाठी ठेवलाय, त्यात दुसरं काही घेणार नाही. सभागृहाचा करार आणि गेमाची नोंदणी, ही जर्मनमधली दोन कामं मी ३१ मार्चच्या आत पूर्ण करून देते. त्यानंतर उत्सवाच्या कामात मी नसेन, समन्वयातही नाही. करारावर नाव कुणाचं घालायचं ते २० फेब्रुवारीपर्यंत कळवाल का? ग्रुपवर मी उद्या संध्याकाळी दोन ओळी टाकते, त्याआधी तुम्हाला सांगावं म्हणून हे लिहिलं.”

यातल्या दोन-तीन गोष्टींबद्दल थोडं बोलायला हवं. ‘जमणार नाही’ऐवजी ‘घेणार नाहीये’ लिहिताना हात अडखळला होता. ‘जमणार नाही’ हे ऐकायला मऊ, पण त्यावर ‘जमवू की’ हे उत्तर तयारच असतं. ‘समन्वयातही नाही’ हे चार दिवस काढत होते, घालत होते. उद्धट वाटत होतं. शेवटी ठेवलं, कारण वाट तिथेच उघडी होती.

मदत देऊ केली ती मंडळाची खरी नड ओळखून. त्यांना मी हवी होते यात माझ्या कर्तृत्वापेक्षा माझ्या जर्मनचा वाटा मोठा होता. नगरपालिकेच्या कार्यालयात फोन करणं, करारातली बारीक अक्षरं वाचणं, गाण्यांच्या हक्कांचं काम बघणाऱ्या गेमा या संस्थेचा अर्ज भरणं, याला आमच्याकडे तीन-चारच माणसं आहेत. गेमाला कार्यक्रमाआधी कळवावं लागतं, सभागृहाचं क्षेत्रफळ आणि प्रवेशाचा दर सांगावा लागतो, आणि न कळवता गाणी वाजवली तर मागाहून जास्तीचं बिल येतं. ही कामं फेब्रुवारी-मार्चमध्ये, बाळ दुपारी झोपलेलं असताना, टेबलाशी बसून होण्यासारखी होती. मुख्य म्हणजे ती संपणारी होती. जेवणाची बाजू मी मुद्दाम देऊ केली नाही. तिथे माझा हात बसलेला होता हे खरं, पण ते काम उत्सवाच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत संपत नाही.

तारखेचंही एक कारण होतं. सभागृहाचा करार २९ फेब्रुवारीच्या आत सही होऊन जायला हवा होता. त्याआधी नाही म्हटलं तर मंडळाला माणूस शोधायला किंवा कार्यक्रम छोटा करायला वाव होता. हाच नकार मेमध्ये गेला असता तर भाडं आणि अनामत भरून झालेली, गायकाला शब्द दिलेला, आणि मग दादांनी रागावणं अगदी रास्त ठरलं असतं. खरं तर २० जानेवारीलाच सांगितलं असतं तर त्यांना सोळा दिवस जास्त मिळाले असते, आणि ग्रुपवर नाव जाहीर झाल्यावर माघार घेण्याची वेळही आली नसती. ते नुकसान मी केलं होतं.

दादांचं उत्तर दोन दिवसांनी आलं: “ठीक आहे.” पूर्णविरामासकट. ज्यांना दादांचे संदेश माहीत आहेत त्यांना त्या पूर्णविरामाचा अर्थ कळेल.

ग्रुपवर कुणी काही बोललं नाही. पण पाडव्याच्या कार्यक्रमात एका ज्येष्ठ काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “आमचीही मुलं लहानच होती गं. आम्ही पाठीवर बांधून केले गणपती.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. त्यांनी ते केलं म्हणूनच मला इथे तयार मंडळ मिळालं. मात्र तेव्हा पंचवीस कुटुंबं होती आणि कुणाच्या तरी दिवाणखान्यात आरती व्हायची. आता दोनशे वीस पानं उठतात. मी हे त्यांना बोलून दाखवलं नाही. “खरंय काकू,” म्हणाले आणि श्रीखंड घेतलं.

आयोजक एक कुणी मिळालाच नाही. शेवटी दोघांनी वाटून घेतलं. सभागृह आणि जेवण एका नवीन आलेल्या तरुणाकडे, मंच आणि मुलांचे कार्यक्रम एका ताईंकडे. संध्याकाळचा गाण्यांचा कार्यक्रम रद्द झाला आणि दहा ते आठचा उत्सव दहा ते तीनचा झाला. काहींना ते लागलं, विशेषतः ज्यांनी गाणी बसवायला घेतली होती त्यांना. माझ्या नकाराची ती किंमत होती आणि ती मी सोडून दुसऱ्यांनीही मोजली. एवढी माणसंसुद्धा नसलेल्या गावात, जिथे बारा-पंधरा कुटुंबं आहेत आणि जर्मन येणारं एकच, तिथे हे असं वाटून घेणंही झालं नसतं.

करार २६ फेब्रुवारीला गेला, त्या तरुणाच्या नावावर. गेमाचा अर्ज मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. ३१ तारखेला मी दादांना आणि त्या दोघांना सगळी कागदपत्रं एका फोल्डरमध्ये पाठवली आणि लिहिलं की माझ्याकडचं काम संपलं. आयोजकांच्या ग्रुपमधून त्याच दिवशी बाहेर पडले. ‘अमुक व्यक्ती ग्रुपमधून बाहेर पडली’ ही ओळ सगळ्यांना दिसते, त्यामुळे आधी तिघांना सांगून मग पडले.

तरी ते गळत राहिलंच. जूनमध्ये “ताई, एकच फोन, सभागृहवाल्यांना खुर्च्यांचं विचारायचंय.” तो मी केला. मग टेबलांचं. मग स्वयंपाकघराच्या किल्लीचं. तिसऱ्या फोनला लक्षात आलं की सभागृहाच्या कार्यालयातली बाई आता थेट माझ्याच नंबरवर उलट फोन करते आहे, कारण अर्जात संपर्कासाठी मी माझा नंबर लिहिला होता. करारावर नाव दुसऱ्याचं, पण नंबर माझा. हे माझंच राहून गेलेलं काम होतं. मी कार्यालयाला लेखी कळवून नंबर बदलून घेतला. त्या तरुणाला फोनवर बोलायची वाक्यं जर्मनमध्ये लिहून दिली आणि पुढचा फोन त्याच्या शेजारी बसून त्यालाच करायला लावला. त्याचं जर्मन माझ्या अंदाजापेक्षा बरंच बरं निघालं. आजवर कुणी त्याला फोन करायला लावलाच नव्हता.

जुलैमध्ये शाळेचं पत्र आलं. पहिलीच्या मुलांचा स्वागत समारंभ शनिवारी, १४ सप्टेंबरला, सकाळी साडेनऊ. फेब्रुवारीत मला हे ठाऊक नव्हतं, त्यामुळे माझ्या बाजूनं ते मी मोजत नाही. घरात मात्र आम्ही दोघं ते पत्र हातात धरून बराच वेळ हसलो.

किटा २ तारखेला सुरू झालं. पाचव्या दिवशी धाकटा वीस मिनिटं माझ्याशिवाय राहिला. १० तारखेला ताप. १३पर्यंत घरी.

आणि १४च्या सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, मी थोरलीच्या वेण्या घालत होते, इथे शाळेच्या पहिल्या दिवशी मुलांना देतात तो खाऊचा रंगीत शंकू, तिच्याएवढाच उंच, सोफ्यावर आडवा पडला होता, तेव्हा फोन वाजला. सभागृहाचे रखवालदार. मखर बाहेर पडायच्या दारासमोर उभं केलंय, ते हलवल्याशिवाय कार्यक्रम सुरू करू देणार नाही, म्हणाले. कार्यालयातला नंबर मी बदलला होता, त्यांच्या वहीतला तसाच राहिला होता. मी त्यांना त्या तरुणाचा नंबर दिला, तो त्यांनी लिहून घेतल्याची खात्री केली, आणि दुसरी वेणी घालायला घेतली.

आरतीला आम्ही साडेबाराला पोचलो. मखर दोन मीटर डावीकडे सरकलेलं होतं.